कंपनी बंद पडल्यावर पुढची नोकरी शोधताना: आधी देणं, मग फोनची यादी

प्रश्न: वय ३३. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग नागपूरला परत येऊन मित्रासोबत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कळमन्यातून भाजी घेऊन हॉटेलं, मेस आणि केटरर यांना पहाटे पोचवायचो. साडेतीन वर्षं चाललं, दिवाळीत बंद केलं. बाजार आणि बँक मिळून अकरा लाख देणं आहे. सहा महिन्यांपासून ‘फाउंडर, सीईओ’ लिहून मॅनेजरच्या जागांना अर्ज करतोय, फोन येत नाही. आलाच तर ‘बंद का पडलं?’ या प्रश्नावर अडकतो. पुन्हा टेस्टिंगमध्ये जाऊ, की या अनुभवाचं काही होईल? ओळखी भरपूर आहेत, पण तोंड दाखवायची लाज वाटते.

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्याच्यावरच अडून आहे.

मी वीसेक वर्षं बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमधल्या कंपन्यांसाठी खरेदी, स्टोअर, डिस्पॅच आणि वाहतूक या खात्यांत माणसं निवडून देते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी एक उमेदवार जवळजवळ पक्का झाला होता. स्वतःचा धंदा बंद करून आलेला, कामाची जाण चांगली, बोलणं सरळ. सीव्हीवर दिलेल्या दोन्ही संदर्भांनी त्याचं कौतुक केलं. पण कारखान्याच्या मॅनेजरने सीव्हीवर नाव नसलेल्या एका माणसाला फोन लावला, वाडीतल्या ट्रान्सपोर्टरला. तो म्हणाला, “अडतीस हजार बाकी आहेत जी त्याच्याकडं. पैशाचं काही नाही, धंद्यात होते अस्सं. पण आठ महिने झाले, फोन नाही उचलून राहिला ना.” निवड तिथेच थांबली. मॅनेजर मला एवढंच म्हणाला की उद्या आमचा माल अडकला आणि यानं असाच फोन बंद ठेवला तर?

नागपूरचा व्यापार मोठा असला तरी एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. तुमच्याबद्दलची खरी चौकशी सीव्हीबाहेरच्या माणसाकडे होते, आणि तुमच्या धंद्यात तो माणूस कळमन्याचा अडत्या, टेम्पोवाला किंवा एखाद्या हॉटेलचा स्टोअरकीपर असणार. म्हणून अर्ज महिनाभर थांबवा आणि आधी या माणसांना भेटा.

एका वहीत तीन रकाने आखा: नाव, रक्कम, शेवटचं बोलणं कधी झालं. बँक वेगळ्या पानावर. बाजाराचं देणं चार लाखांच्या आसपास आणि नावं पंधरा असतील असं धरू. अशा यादीत बहुतेक वेळा निम्मी नावं दहा हजारांच्या आतली निघतात: टेम्पोचं भाडं, हमाली, क्रेट, मजुराचा शेवटचा पगार. ती आधी मिटवा. पगारातून कापलेला पीएफ भरायचा राहिला असेल तर तो सगळ्यांच्या आधी, कारण ते पैसे मुळात कामगाराचे होते आणि न भरल्यास प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकतं. राहिलेल्या सात-आठ मोठ्या नावांकडे प्रत्यक्ष जा. अडत्याकडे लिलाव आटोपून तो हिशेबाला बसतो तेव्हा जा, पहाटेच्या गडबडीत नको. कागदावर लिहून न्या: इतकी बाकी, या महिन्यापासून दर महिन्याच्या दहा तारखेला इतके देईन. रक्कम तीन हजार असली तरी चालेल, पण पाळता येईल तेवढीच लिहा. पहिले दोन हप्ते वेळेवर गेले की त्या गादीवर तुमच्याबद्दलचं बोलणं बदलतं. मी हे बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. शिव्या एकदाच खाव्या लागतात, पहिल्या भेटीत.

बँकेचं पान वेगळं ठेवायला सांगितलं त्याला कारण आहे. कर्जाला तुमची वैयक्तिक हमी असेल तर कंपनी बंद झाल्याने ते सुटत नाही. बँक कमी रकमेत मिटवायला तयार होईल, पण तसं केल्यावर क्रेडिट अहवालात ते खातं पूर्ण फेडलं असं दिसत नाही, ‘सेटल्ड’ असं दिसतं आणि पुढे वर्षानुवर्षं आडवं येतं. बँका, फायनान्स कंपन्या आणि रोख रकमेशी संबंध येणाऱ्या जागांवर काही मालक हा अहवाल मागतात. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळत असेल तर माझं मत त्या बाजूचं आहे.

आता कागद. ‘दिवाळीत बंद केलं’ म्हणजे काम बंद केलं. कंपनी सरकारी नोंदीत अजून जिवंत आहे आणि संचालक म्हणून तुमचं नाव कुणालाही ऑनलाइन दिसतं. नोंदणीतून कंपनीचं नाव काढण्याचा अर्ज, STK-2, लगेच करता येत नाही. शेवटचं बिल फाडलं ते आर्थिक वर्ष सोडून पुढची दोन पूर्ण आर्थिक वर्षं धंदा झालेला नसावा लागतो आणि देणी शून्य असावी लागतात. तोवर दरवर्षीचा ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावंच लागतं, उलाढाल काहीही नसली तरी. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये चढतात, आणि सलग तीन वर्षं भरलं नाही तर पाच वर्षांसाठी कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. जीएसटी नोंदणी घेतली असेल तर ती मात्र आत्ताच रद्द करून घेता येते. ती रद्द झाल्यावर तीन महिन्यांत GSTR-10 हे शेवटचं विवरण भरायचं असतं, आणि नेमकं तेच बहुतेकांचं राहून जातं. हे काम सीएचं आहे, पण तारखा तुमच्या वहीत हव्यात. सीएची फी बाकी असेल तर तीही वरच्या यादीत घाला, नाहीतर तो फाइल उघडणार नाही.

याच पानावर एक गोष्ट तुमच्या मित्राबरोबर ठरवा. कंपनी का बंद पडली हे दोघांनी एकाच पद्धतीने सांगायचं. तुम्ही म्हणणार उधारीने बुडालो, तो म्हणणार पार्टनरने लक्ष दिलं नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कानावर गेल्या की दोघांचंही काम होत नाही. भांडण झालं असेल तरी या एका गोष्टीसाठी चहाला बसा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. अनुभवाचं काही होतं का? होतं, पण तो अनुभव नेमका कशाचा आहे हे तुम्हाला आज माहीत नाही, म्हणून तुम्ही ‘सीईओ’ लिहिताय. तो कसा शोधायचा हे एका खऱ्या उदाहरणावरून सांगते. नाव सांगत नाही, पण आकडे त्याच्या वहीतले आहेत.

यवतमाळकडचा एक इंजिनिअर. अमरावती रोडवर वाडीला ऑफिस घेऊन त्यानं परतीच्या गाड्यांचं ॲप काढलं होतं. नागपुरात उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ एकत्र येतात, त्यामुळे इथे माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या रोज असतात. त्यांना रायपूर, हैदराबाद, इंदूरकडचा माल मिळवून द्यायचा, अशी कल्पना. पावणेतीन वर्षांनी बंद पडलं. मग त्यानं पुण्या-बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून सत्तर अर्ज केले आणि दोन फोन आले. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या सीव्हीच्या पहिल्या पानावर ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द पाच वेळा होता.

मी सीव्ही बाजूला ठेवला आणि धंदा चालू असतानाचे शेवटचे नव्वद दिवस काढायला सांगितले. फोनमधली यादी तेवढी मागची नसते, म्हणून मोबाइल कंपनीचं तपशीलवार बिल आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी घेतली. स्वतःहून त्याला आलेले फोन तेवढेच मोजले. त्यानं केलेले सोडून दिले. लोक आपल्याकडे कशासाठी येतात हे आलेल्या फोनांतच दिसतं. प्रत्येक फोनापुढे लिहायचं: कोण होता, काय मागत होता, मी काय केलं. दोन दिवस बसून ६१२ फोन झाले. त्यांत सुमारे २४० फोन कारखान्यांच्या डिस्पॅच क्लार्कचे होते, ‘गाडी कुठे पोचली?’ दीडशेच्या आसपास होते, ‘संध्याकाळपर्यंत एक गाडी लागेल का?’ एकशे दहा फोन ड्रायव्हर आणि गाडीमालकांचे, हॉल्टिंगच्या म्हणजे गाडी अडकून उभी राहिल्याच्या पैशांच्या, आणि बॅलन्सच्या म्हणजे राहिलेल्या भाड्याच्या भांडणाचे. बाकी किरकोळ. ॲपबद्दल फोन आले होते नऊ.

तो बराच वेळ त्या नऊवर पेन टेकवून बसला होता. पावणेतीन वर्षं त्याच्या मते तो ॲप चालवत होता. फोन करणाऱ्यांसाठी तो डिस्पॅचचा माणूस होता.

पण खरी जमा तिसऱ्या रकान्यात निघाली. हॉल्टिंगचं भांडण नेहमी एकाच मुद्द्यावर असतं: गाडी कारखान्याच्या गेटवर कधी लागली आणि भरून कधी सुटली. कारखाना म्हणतो दुपारी आली, ड्रायव्हर म्हणतो सकाळपासून उभा आहे. या पोरानं सवयच लावली होती की ड्रायव्हरनं आत जाताना आणि बाहेर पडताना गेटपासचा फोटो पाठवायचा. भांडणं मिटावीत एवढाच त्याचा हेतू. त्यातून जवळपास अकराशे खेपांची वेळेची नोंद त्याच्याकडे जमली होती. त्यातल्या एका कारखान्याच्या खेपा वेगळ्या काढल्या तर गाडी सरासरी नऊ तास आत अडकत होती, आणि त्याच वसाहतीत दुसरीकडे चार तासांत सुटत होती. कारणही त्याला ठाऊक होतं: सगळ्या गाड्या सकाळी दहाला बोलवायचे, आणि भरायच्या जागा दोनच. ही माहिती त्या कारखान्याच्या लॉजिस्टिक्स प्रमुखाकडेही सलग नव्हती.

त्यानं एका पानावर फक्त त्याच कारखान्याचे आकडे मांडले. दुसऱ्यांचे दाखवायचे नाहीत हे मी बजावून सांगितलं होतं. जो माणूस जुन्या ग्राहकाची माहिती पुढच्याला उघडी करून दाखवतो, तो आमचीही उद्या दाखवेल, हे समोरच्याला लगेच कळतं. तो भेटायला गेला तेव्हा नोकरी मागितली नाही. प्रमुखानं पान पाहिलं, चहा दिला आणि जागा नाही म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला: तीन महिन्यांच्या करारावर ये, महिना ४५ हजार, गाड्यांच्या वेळा लावून दे. मुलाच्या डोक्यात लाखाचा आकडा होता. घेतलं. करार संपला तेव्हा गाडी सहा तासांत सुटत होती आणि त्याला डिस्पॅचमध्ये सहायक व्यवस्थापक म्हणून कायम केलं.

करार देण्याआधी प्रमुखानं ‘बंद का पडलं?’ हेही विचारलं होतं. आधी पुण्याच्या कंपन्यांना तो सांगायचा की बाजार तयार नव्हता, फंडिंग मिळालं नाही. हे ऐकून समोरचा माणूस मान डोलावतो आणि पुढच्या उमेदवाराला बोलावतो, कारण यातून त्याला काहीच कळत नाही. आम्ही एका खेपेचा हिशेब मांडला. भाडं ४०,००० रुपये. त्यात याचे चार टक्के, म्हणजे १,६०० रुपये. गाडीमालकाला द्यायचे ३८,४००. गाडीमालकाला बहुतेक रक्कम गाडी भरतानाच द्यावी लागते आणि थोडा बॅलन्स पोच पावती आल्यावर. कारखाना पैसे देणार साठ दिवसांनी. मधले दोन महिने यानं बाहेरून महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलले होते. ३८,४०० वर दोन महिन्यांचं व्याज १,५३६ रुपये. हाती उरले ६४. त्यातून ऑफिसचं भाडं आणि चार पोरांचे पगार. खेपा जितक्या वाढल्या तितकं कर्ज वाढलं.

“चौसष्ट रुपये उरत होते सर, आणि मी महिन्याला किती खेपा झाल्या ते मोजत होतो,” असं त्यानं सांगितलं. प्रमुखानं पुढचा प्रश्न विचारला, मग काय करायला हवं होतं? त्याचं उत्तर तयार होतं, कारण हिशेब मांडल्यावर ते आपोआप दिसतं: वीस दिवसांत पैसे देणारे चारच ग्राहक ठेवायचे, धंदा निम्मा करायचा. हे त्याला चौदाव्या महिन्यात कळलं होतं, आणि तरी त्यानं आणखी दीड वर्ष ओढलं, हेही त्यानं सांगितलं. हे शेवटचं वाक्य सांगायला तो तयार नव्हता. माझा आग्रह होता, कारण अनुभवी माणूस तेच शोधत असतो: चूक केव्हा दिसली आणि दिसल्यावर काय केलं. ते लपवलं की बाकीचा हिशेबही पाठ केलेला वाटतो.

तुमचा हिशेब असाच एका क्रेटचा मांडा. टोमॅटोचा घ्या. कळमन्यात रोख दिलेली किंमत, अडत आणि हमाली, टेम्पोचा वाटा, वाटेत आणि निवडीत झालेली घट, स्वयंपाकघरानं ‘हा नको’ म्हणून परत केलेला माल, आणि पैसे किती दिवसांनी आले. मग ग्राहकांचे तीन गट करा, हॉटेल, मेस, केटरर, आणि प्रत्येकाचा क्रेट वेगळा मांडा. सरासरीवर जाऊ नका, तिच्यात सगळं दडतं. बहुधा एका गटात पैसा उरत होता आणि दुसऱ्यात जात होता, असं निघेल.

पैसा कुठे गेला यावरून तुमची पुढची दिशा ठरते, हे मी अनुभवाने सांगते. माणूस जिथे सगळ्यात जास्त दिवस झगडला तिथेच तो सगळ्यात जास्त शिकलेला असतो. परत आलेल्या मालात पैसा गेला असेल, तर कुठल्या स्वयंपाकघराला कुठल्या दर्जाचा माल लागतो, पावसाळ्यात पालेभाजी किती टिकते, कुठल्या गादीवरचा माल वरून चांगला आणि खाली भरताड असतो, हे तुम्हाला येतं. त्याला खरेदी आणि गुणवत्ता तपासणी म्हणतात. उधारीत गेला असेल, तर वसुली आणि क्रेडिट कंट्रोल तुम्हाला येतं, मग ते तुम्हाला आवडो न आवडो. आणि टेम्पोत गेला असेल, तर पहाटे चार ते सकाळी नऊ या वेळात किती थांबे घेता येतात याचा अंदाज तुमच्याकडे आहे, जो घरपोच किराणा देणाऱ्या कंपन्यांच्या गोदामांत रोज लागतो. हिशेबाचं उत्तर आणि नव्वद दिवसांच्या फोनची यादी एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर शंका धरू नका. वेगळं दाखवत असतील तर फोनच्या यादीवर विश्वास ठेवा, कारण ती दुसऱ्यांनी तयार केलेली आहे.

मग माणसं निवडायची. तुमच्या फोनमध्ये हजार नंबर असतील, कामाचे पंचवीस. ज्यांना तुमच्या त्या एका कामाची रोज गरज पडते ते. तुमच्याकडून माल घेणारे केटरर यांत पहिले येतात: मिहान आणि बुटीबोरीतल्या कंपन्यांची कँटीनं चालवणारे, हॉस्पिटल आणि हॉस्टेलची स्वयंपाकघरं सांभाळणारे. त्यांच्याकडे खरेदीला विश्वासाचा माणूस ही कायमची अडचण असते, कारण रोख खरेदीत कमिशन खाणं सोपं असतं. तुम्ही समोरच्या बाजूला उभे राहून हे सगळं पाहिलेलं आहे. दुसरे म्हणजे तुमच्यासारखाच माल पुरवणारे मोठे पुरवठादार, ज्यांना तुम्ही स्पर्धक म्हणायचात. त्यांच्याकडे जायला मन घेत नाही, पण तुमच्या कामाची किंमत त्यांनाच सगळ्यात लवकर कळते. तिसरी वाट हंगामी आहे: काटोल, नरखेड, वरुडकडे संत्र्याची प्रतवारी करून बाहेर पाठवणारे. आंबिया बहाराच्या काढणीत त्यांना माल पारखणारी आणि गाडी भरून देणारी माणसं कमी पडतात. कायमची नोकरी नसली तरी दोन-तीन महिन्यांचं काम आणि नवा संदर्भ मिळतो.

पाठवायचा निरोप छोटा असावा. मी असा लिहायला सांगते: “नमस्कार भाऊ, दिवाळीत मी पुरवठा बंद केला. तुमच्या मेसला वर्षभर दिलेल्या मालाची परतीची नोंद माझ्याकडे आहे, पालेभाजीत नेमकं कुठे नुकसान होत होतं ते त्यात दिसतं. पंधरा मिनिटं वेळ दिलात तर दाखवून जातो. गुरुवारी दुपारी चाललं तर सांगा.” यात नोकरी नाही, सहानुभूती नाही, बायोडाटाही जोडलेला नाही. उठताना एकच वाक्य म्हणायचं, की अशा कामाच्या शोधात आहे, कुणाला लागलं तर माझं नाव सांगा. पंचवीस निरोपांत दहा भेटी झाल्या तर चांगलं चाललंय असं समजा. तीनच झाल्या, तर बहुतेक वेळा देण्याचं पान अपुरं राहिलेलं असतं, किंवा तुम्ही दाखवायला नेत असलेली गोष्ट त्यांच्या गरजेची नसते. त्यातलं कुठलं आहे ते चौथ्या माणसाला सरळ विचारा.

सीव्हीत ‘फाउंडर’ हा शब्द एकदाच, कंपनीच्या नावाच्या ओळीत. वर मोठ्या अक्षरांत काम लिहा: ताज्या मालाची खरेदी आणि वितरण, साडेतीन वर्षं. खाली चार ओळी: रोज किती स्वयंपाकघरं, किती वाजेपर्यंत, किती माणसं हाताखाली, परत येणारा माल सुरुवातीला किती आणि शेवटी किती. प्रत्येक ओळीमागे ती खरी आहे असं सांगणारा एक माणूस हवा. नसेल तर ओळ काढा.

मालकाच्या मनातली भीती ओळखून ठेवा, तो ती बोलून दाखवत नाही. हा सहा महिन्यांत पुन्हा स्वतःचं काढेल. हा वरिष्ठाचं ऐकणार नाही. पहिल्या भीतीला शब्दांनी उत्तर देता येत नाही. अडत्यांना दिलेला दोन वर्षांच्या हप्त्यांचा कागद दाखवता येतो, कारण ज्याला दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे द्यायचेत तो सहज नोकरी सोडत नाही. दुसरीला उत्तर म्हणून मी तीन महिन्यांचा करार सुचवते, काम मोजता येईल असं ठरवून. पगार तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी असेल. साडेतीन वर्षं मालक असण्याचे पैसे इथे कुणी देत नाही, त्या एका कामाचे देतात.

टेस्टिंगबद्दल. घरखर्चाला चार महिन्यांपेक्षा कमी पैसे उरले असतील तर मिळेल ती टेस्टिंगची नोकरी घ्या आणि वरचं सगळं शनिवार-रविवारी करा, त्यात कमीपणा काही नाही. पण एवढ्या वर्षांच्या खंडानंतर तुम्हाला ऑटोमेशन नव्याने शिकावं लागेल आणि जिथे सोडलं त्याच्या खालच्या पायरीवरून सुरुवात होईल, हे धरून चाला. माझ्या मते त्यापेक्षा बरी जागा मधली आहे: हॉटेल, कँटीन आणि गोदामांसाठी साठ्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत ते ग्राहकाकडे बसवून चालू करून देणारी माणसं लागतात. स्क्रीनवर ‘परत आलेला माल’ हा रकाना कुठे हवा आणि पहाटे पाच वाजता ओल्या हातांनी तो कोण भरणार, हे दोन्ही माहीत असलेले उमेदवार मला फार थोडे भेटलेत.

एक मर्यादाही सांगते. या पद्धतीला रोजच्या कामाच्या नोंदी लागतात. धंदा सहा-आठ महिन्यांत बंद पडला असता, किंवा तुमचे दिवस गुंतवणूकदारांना भेटण्यात गेले असते आणि माल मित्रच पाहत असता, तर फोनची यादी पोकळ निघाली असती आणि मी तुम्हाला सरळ जुन्या कामाकडे पाठवलं असतं. यादी काढताना हे प्रामाणिकपणे तपासा. पहाटेचे फोन मित्राच्या नंबरवर जात असतील, तर तो अनुभव त्याचा आहे.

आणि नेमणूकपत्र हातात आलं की सही करण्याआधी एक कलम शोधा: ‘अन्य कोणत्याही व्यवसायात संचालक किंवा भागीदार नसावे.’ ते जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं, आणि तुमची कंपनी नोंदीतून निघेपर्यंत तुम्ही संचालक आहातच. रुजू होण्याआधीच एचआरला ईमेल करा की अमुक कंपनीत संचालक म्हणून नाव आहे, कामकाज अमुक महिन्यापासून बंद आहे, नोंदणी रद्द करण्याचा अर्ज अमुक आर्थिक वर्षानंतर करणार आहे, आणि त्यांचं ‘मान्य’ असं उत्तर लेखी घेऊन ठेवा.